आईची थायरॉईडची गोळी आणि जवसाचा गिलास

आमच्या आईला आठ वर्षं थायरॉईडची गोळी आहे, रिपोर्ट नेहमी ठीक यायचा. यावेळी टीएसएच एकदम 9 च्या वर, म्हणजे गोळी कमी पडत होती. डॉक्टरनी विचारलं, मावशी, गोळी चुकवताय का? आई म्हणाली नाही ओ, सकाळी उठल्या उठल्या घेते. मग मी घरी बसून नीट चौकशी केली तेव्हा कळलं, व्हॉट्सअपवर आलेलं वाचून दीड महिना ती जवस कच्चेच मिक्सरला फिरवून, तीन मोठे चमचे पूड रात्री कोमट पाण्यात भिजवून, सकाळी गोळी घेतल्यावर दहा मिनिटात पीत होती. गिलासात चमचा घालून वर उचलला तर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबत होती. ते बघितलं आणि सगळं लक्षात आलं.

ती तार म्हणजे जवसाच्या सालातला चिकट भाग, म्युसिलेज. पोटात गेला की तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पोट साफ होतं, जेवणातली साखर रक्तात हळू उतरते, हे सगळं खरं आहे. पण त्याच चिकटपणात गोळीपण अडकते ना! थायरॉईडची गोळी मुळातच नाजूक, रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, तिच्या पाठोपाठ हा गिलास गेला तर ती पूर्ण शोषली जाणार कशी? डॉक्टरनी डोस वाढवला नाही, फक्त वेळ बदलली. गोळी साडेपाचला, जवस दुपारच्या जेवणातच. दोन महिन्यांनी रिपोर्ट परत जागेवर आला. शुगर-बीपीच्या गोळ्या असल्या तरी मध्ये दोन तास ठेवा आणि आपल्या डॉक्टरना सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट कच्च्या पुडीची. जवसात सायनाइड तयार करू शकणारे पदार्थ असतात, लिनुस्टॅटिन आणि निओलिनुस्टॅटिन. घाबरू नका, आख्ख्या दाण्यात ते आणि त्यांना फोडणारं एन्झाइम वेगवेगळं बसलेलं असतं. दाणा फुटला आणि पाणी लागलं की दोघं भेटतात आणि थोडं सायनाइड सुटतं. थोडं असलं तर आपलं शरीर त्याचं थायोसायनेट करून लघवीतून बाहेर टाकतं. पण हेच थायोसायनेट जास्त झालं तर थायरॉईडला मिळणाऱ्या आयोडिनच्या आड येतं, म्हणून थायरॉईडवाल्यांनी कच्ची पूड चमच्यांनी खायचा नाद सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आपल्याकडे बघा की, जवस कच्चे खातंय कोण? आजी कढईत मंद आचेवर भाजायची, दाणे तडतडून उड्या मारायला लागले, खमंग वास सुटला की उतरायची, मग लसूण, सुकी मिरची, मीठ घालून कुटायची. शेजारच्या कन्नड काकू त्यालाच अगसी हिंडी म्हणतात. भाजताना ते एन्झाइम मरतं, त्यामुळे सायनाइड सुटणं बरंच कमी होतं. आणि भाकरीबरोबर दोन चमचे चटणी म्हणजे 10 ग्रॅमच्या आसपास. जर्मनीच्या सरकारी संस्थेनं एका वेळी 15 ग्रॅमच्या वर कच्चे जवस खाऊ नका असं सांगितलंय, आपली चटणी त्याच्या आतच बसते. लहान पोरांना मात्र चिमूटभरच.

मग कुटायचं कशाला, आख्खे खाल्ले तर? आख्खे दाणे बरेचदा जसेच्या तसे बाहेर पडतात. जवसाचं खरं धन म्हणजे लिग्नान नावाचं वनस्पतीतलं द्रव्य, ते सालात असतं, आतड्यातले बॅक्टेरिया त्याचं शरीराला वापरता येणारं एन्टेरोलॅक्टोन करतात, पण दाणा फुटला तर! गाळलेल्या तेलात लिग्नान जवळजवळ येतच नाही, म्हणून लिग्नानसाठी तेलाची बाटली घेऊ नका. 2013 साली कॅनडातल्या अभ्यासात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या पेशंटना सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेले जवस दिले आणि वरचं बीपी साधारण 10 नी कमी राहिलं. फॉरवर्डमध्ये हा 30 चा आकडा असतो, पण ते जवस पाव, मफिन असल्या भाजलेल्या पदार्थात घालून दिले होते हे कोण लिहीत नाही.

चियाचं वेगळं आहे. त्यात सायनाइडची भानगड जवळजवळ नाही, पण लिग्नानपण जवसाच्या मानानं अगदीच कमी. चिकटपणा मात्र जोरदार, वजनाच्या दहापट पाणी धरतं. 2014 ला अमेरिकेतली एक केस मांडली गेली होती, गिळायचा जुना त्रास असलेल्या माणसानं कोरडा चिया चमचाभर तोंडात टाकून वर पाणी प्यायलं, तर ते अन्ननलिकेत फुगून बसलं आणि दुर्बीण घालून काढावं लागलं. म्हणून एक चमचा चिया पेलाभर पाण्यात अर्धा तास भिजवा, मधे एकदा ढवळा नाहीतर गाठी होतात, मग घ्या. सब्जा पाच मिनिटात फुगतो म्हणून चियापण तसाच असेल असं धरू नका.

आईनं उरलेली कच्ची पूड परवा फेकायला काढली होती. मीच थांबवलं, तव्यावर खरपूस परतली, लसूण-मिरची घातली, आणि आता ती तिच्या जेवणाच्या ताटात आहे, दुपारी, दोन चमचे.