कमरेतली सुई जाड-बारीक पाहते

“अंगानं भरलेल्या बाईचं बाळंतपण सोपं जाते, तिच्या अंगात ताकद असते. वजनाचा बाऊ डॉक्टर लोक सिझरसाठीच करतात. आन् सिझर झालंच तं कमरेत एक सुई देतात, त्यात जाड-बारीक काय पाहाचं? वजनाचं बाळंतपण झाल्यावर पाहू.”

हा मेसेज गावच्या ग्रुपवरून माझ्याकडे तीनदा आला. एकदा तर माझ्याच मावशीनं पाठवला. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून सुईपासून सुरू करतो.

कमरेची भूल देताना बाईला बसवतात, पाठ मांजरीसारखी बाहेर काढायला सांगतात आणि दोन मणक्यांच्या मधली खाच बोटानं चाचपतात. सुई त्या खाचेतून आत जाते आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यापर्यंत पोचते. पाण्याचा थेंब सुईतून बाहेर आला की मगच औषध द्यायचं. साधारण बांध्याच्या बाईत हे पाणी पाच-सहा सेंटीमीटरवर लागतं आणि नेहमीची सुई ९ सेंटीमीटरची असते. पाठीवर चरबीचा जाड थर असला की पहिल्यांदा खाचच बोटाला लागत नाही. कमरेच्या दोन हाडांवरून आम्ही मनात एक आडवी रेघ ओढतो, तीही अंदाजापेक्षा वर सरकते. तिथं जास्त वर टोचणं धोक्याचं, कारण मज्जारज्जू वरच्या भागात संपतो आणि आम्हाला त्याच्या खालीच राहायचं असतं.

एक केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. सत्तावीस वर्षांची, किराणा दुकानात बसणारी, पहिलटकरीण. उंची १५२ सेंटीमीटर, तिसऱ्या महिन्यात नोंदणीच्या वेळी वजन ९३ किलो. किलोला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा: ९३ भागिले १.५२, पुन्हा भागिले १.५२, म्हणजे सुमारे ४०. यालाच बीएमआय म्हणतात. ३० च्या वर लठ्ठपणा धरतात, आणि आपल्या भारतीय बांध्याला तर २३ पासूनच धोका मोजावा असं इथले तज्ज्ञ सांगतात. दिवस भरले तेव्हा ती १०७ किलोची होती. ज्या दवाखान्यात ती आधी गेली तिथं रात्री भूल देणारं कोणी नव्हतं. कळा सुरू असताना साठेक किलोमीटर गाडीतून आणून रात्री एक वाजता आमच्याकडे उतरवली.

बीपी घ्यायला गेलो तर पट्टा दंडाला पुरेना, ताणून बांधला की सुटायचा. लहान पट्ट्यानं बीपी खोटं जास्त दिसतं, म्हणून मोठा पट्टा शोधण्यात वेळ गेला. तोवर बाळाचे ठोके बिघडले आणि सिझरचा निर्णय झाला. ९ सेंटीमीटरची सुई दोनदा मुठीपर्यंत आत गेली, पाणी नाही. कपाटात १२ सेंटीमीटरची एकच सुई होती. ती घेतली, आणि साडेनऊ सेंटीमीटरच्या पुढं एकदाचा थेंब आला. जे काम एरवी दहा मिनिटांत उरकतं, त्याला चाळीस मिनिटं लागली. बाळाला दोन दिवस नवजात कक्षात ठेवावं लागलं.

ती सुई नसती तर पूर्ण भूल द्यावी लागली असती, आणि मला खरी भीती तिचीच असते. गरोदरपणात फुफ्फुसातला हवेचा साठा तसाही कमी होतो. पोटाचं आणि छातीचं वजन त्यात भर घालतं. झोपेचं औषध दिल्यावर श्वासनळीत नळी जाईपर्यंत बाईचा श्वास थांबलेला असतो. तेवढ्या वेळात जाड बाईचा ऑक्सिजन झपाट्यानं खाली येतो, आणि मान-छाती जड असल्यानं नळी घालणंही अवघड होतं. म्हणून आधी खांद्याखाली चादरींच्या घड्या रचून कान आणि छातीचं हाड एका रेषेत आणायचं, मास्कनं तीन मिनिटं ऑक्सिजन भरायचा. घाईच्या रात्री ही तयारी नेमकी अर्धवट राहते.

आता ताकदीचं. पोट बाहेरून भरलेलं दिसलं म्हणून गर्भपिशवी जोरात आवळते असं नाही. उलट वजन जास्त असलं की पिशवीचं तोंड उघडण्याचा पहिला टप्पा हळू चालतो, कळांच्या औषधालाही प्रतिसाद कमी मिळतो. गंमत म्हणजे जोर लावून बाळ ढकलण्याचा शेवटचा टप्पा जाड बाईत फारसा लांबत नाही. म्हणजे जोर लावण्यात ती कमी पडत नाही, तिथवर पोचायलाच वेळ लागतो. त्यात गरोदरपणातली साखर आणि मोठं बाळ आलं की डोकं बाहेर येऊन खांदा अडकण्याची भीती असते. आणि ‘भरलेली’ म्हणजे धडधाकट हेही खरं नाही. या बाईचं हिमोग्लोबिन ९ होतं.

सिझरचा आरोप मी अर्धा मान्य करतो. पहिला टप्पा हळू चालतोय एवढ्यावरून घाई करणारे लोक आहेत, आणि नुसतं वजन हे सिझरचं कारण नाही. पण सर्जनला जाड बाईचं सिझर हौसेनं हवं असतं, हे पटत नाही. पोटाच्या घडीखालची जखम ओली राहते, पू होतो. या बाईचे टाके सातव्या दिवशी उकलले. शिवाय सिझरनंतर एका पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक धाप लागली तर रक्ताच्या गुठळीचा संशय घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

मेसेजच्या शेवटच्या वाक्यात मात्र एक खरी गोष्ट दडली आहे: गरोदरपणात उपास-डाएट करून वजन उतरवायचं नसतं. बीएमआय ३० च्या वर असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो वाढ पुरते. हिची १४ झाली होती. वजन उतरवण्याचा काळ दोन बाळंतपणांच्या मधला. पण तेव्हा तिला कोणी वजनावर बोलवत नाही, आणि दवाखान्यात ‘खाऊन खाऊन फुगली’ असं ऐकलेली बाई आपणहून येत नाही.

ही आली, कारण दुसरं मूल हवं होतं. तेव्हा ९८ किलो. आधी अंतर ठरवलं. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शननं काहींचं वजन वाढतं आणि थांबवल्यावर दिवस राहायलाही वेळ लागतो, म्हणून तिनं तांबी बसवली. मग खाण्याचा हिशोब केला. दुकानात दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे जवळपास ६० ग्रॅम.

“चहा सोडला तं गिऱ्हाइकासोबत बसू कशी जी?” तिनं विचारलं.

चहा राहू दिला, सहाचे दोन केले, साखर अर्धी. पोळ्यांच्या जागी ज्वारीची भाकर दीडच, वरण आणि भाजी दुप्पट, डिंकाचे लाडू बंद. संध्याकाळी दुकान सासूकडे सोपवून पाऊण तास पायी. अकरा महिन्यांत ९० किलो झाली, म्हणजे आठ टक्के. अजूनही ती लठ्ठच मोजली जाते. पण पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखरेचा आणि बीपीचा धोका कमी होतो, आणि आमचं लक्ष्य तेवढंच होतं. तांबी काढण्याच्या महिनाभर आधी फॉलिक अॅसिड सुरू केलं. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली, १४० च्या आत आली. चोवीस आठवड्यांनंतर ती पुन्हा होईल.

परवा ती सहाव्या महिन्यात तपासणीला आली. तिला स्टुलावर बसवून पाठ चाचपली. या वेळी खाच लागली, अंधुक का होईना. तिच्या कार्डावर लाल पेनानं लिहिलं: ‘प्रसूती भूलतज्ज्ञ आणि रक्त असलेल्या ठिकाणीच. मोठा बीपी पट्टा. लांब सुई. कळांची वाट न पाहता आधी भरती.’ आणि त्याच दिवशी स्टोअरला लांब सुयांची मागणी दिली, दहाची.