फ्रीडमन चाचणी: शेतातल्या शेतातच क्रमांक का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया: «गणित पटलं नाही. तुमचेच २४ आकडे एकत्र लावून मी क्रुस्कल-वॉलिस चाचणी केली, p ०.९३ आला. मग वाणांत फरक आहे हे कशावरून? शिवाय प्रत्येक शेतात १ ते ४ क्रमांक देऊन तुम्ही उत्पादनाचे खरे आकडे कचऱ्यात टाकलेत.»

तुमचा ०.९३ बरोबर आहे. चुकली आहे ती चाचणीची निवड. ज्यांच्यासमोर लेख नाही त्यांच्यासाठी उदाहरणाचे आकडे पुन्हा देतो: सोयाबीनचे चार वाण, सहा शेतं, उत्पादन एकरी क्विंटलमध्ये. प्रत्येक शेतात चारही वाण, कुठला पट्टा कुणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं.

```r
y <- matrix(c( 5.1,  5.8,  6.4,  5.5,
               9.8, 10.3, 10.9, 10.0,
               7.0,  7.6,  7.9,  7.3,
               4.2,  4.0,  4.9,  4.5,
              11.2, 12.1, 11.9, 11.5,
               8.3,  8.7,  9.4,  8.5),
            ncol = 4, byrow = TRUE,
            dimnames = list(NULL, c("A","B","C","D")))
friedman.test(y)
```

आता चौथी आणि पाचवी ओळ शेजारीशेजारी बघा. चौथ्या शेतातला सर्वांत चांगला वाण ४.९ वर थांबतो, पाचव्यातला सर्वांत वाईट ११.२ देतो. म्हणजे २४ आकडे एका रांगेत लावले की ती रांग शेतांची होते, वाणांची नाही. पहिले चार क्रमांक चौथ्या शेताचे, शेवटचे चार पाचव्याचे. एकत्र क्रमांकांच्या बेरजा येतात A ६७, B ७७, C ८३, D ७३. शेतातल्या शेतात क्रमांक दिले तर बेरजा A ७, B १७, C २३, D १३. अंतरं अगदी तीच, A आणि C मध्ये दोन्हीकडे १६. फक्त क्रुस्कल-वॉलिस ते १६ चं अंतर १ ते २४ च्या पसाऱ्याशी ताडून बघते आणि फ्रीडमन १ ते ४ च्या. पसारा जमिनीचा, दोष मात्र वाणांच्या माथी. शिवाय क्रुस्कल-वॉलिस सगळी निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र धरते. एकाच शेतातले चार पट्टे तसे नसतातच.

फ्रीडमनचं गणित हाताने होतं. शेतं n, वाण k, बेरजा R:

```
Q = 12 / (n k (k+1)) * ΣR² - 3 n (k+1)
  = 0.1 * (49 + 289 + 529 + 169) - 90
  = 13.6
```

मुक्ततेची मात्रा ३, p सुमारे ०.००३५. त्याआधी चारही बेरजांची बेरीज ६० येते का ते बघून घ्यावं. नसेल तर कुठेतरी क्रमांक चुकलाय. दोन वाणांचं उत्पादन सारखं निघालं तर दोघांना सरासरी क्रमांक द्यायचा, उदाहरणार्थ २.५ आणि २.५. अशा बरोबऱ्या असल्या की वरचं सूत्र Q थोडा कमी दाखवतं. `friedman.test` ती दुरुस्ती स्वतः करतं.

माहिती वाया जाते हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. चौथ्या शेतात A आणि B मध्ये ०.२ चा फरक, पाचव्यात ०.९ चा, आणि चाचणीला कळतं ते फक्त कोण पुढे. चुका प्रसामान्य वितरणाच्या असतील तर चार ट्रीटमेंटसाठी फ्रीडमनची कार्यक्षमता नेहमीच्या द्विमार्गी प्रसरण विश्लेषणाच्या सुमारे ७६ टक्केच असते. दोनच ट्रीटमेंट असल्या तर ६४ टक्के, कारण तिथे ती साधी चिन्ह चाचणी होऊन बसते. त्यामुळे या उदाहरणासारखे सुबक आकडे असतील तर प्रसरण विश्लेषण खुशाल करा, पण त्यातही शेत हा घटक घ्यायलाच हवा. क्रमांकांचा उपयोग कळतो तो आकडे बिघडल्यावर. पाचव्या शेतातले १२.१ कुणी १२१ टाइप केले, तरी B चा तिथला क्रमांक ४ च राहतो आणि Q १३.६ च. प्रसरण विश्लेषणाचा मात्र बोऱ्या वाजतो. रोगाची तीव्रता किंवा चव अशी गुणांकनात मोजलेली असेल, तर दोन गुणांमधलं अंतर सगळीकडे सारखंच असतं असं मुळात म्हणताच येत नाही.

p लहान आला म्हणून «C सर्वांत सरस» असं लिहू नका. नेमेन्यी पद्धतीने ५ टक्के पातळीवर इथे दोन बेरजांमध्ये किमान ११.५ चं अंतर लागतं. A आणि C चं १६ तेवढं पार करतं. A–B आणि C–D ही १० वरच अडकतात, B–C तर ६ वर. म्हणजे सहा शेतांतून ठामपणे निघतं ते एवढंच, की C हा A पेक्षा वरचढ आहे.

तुम्ही R मध्ये पडताळणार असाल तर ओळीत शेत आणि स्तंभात वाण हवा. उलटं झालं तर प्रोग्राम तक्रार करत नाही, मुकाट्याने शेतांची तुलना करून Q २० देतो. तिथे `df` ५ दिसेल, हवा ३. आणि एखाद्या शेतात एका वाणाचा आकडा नसेल, तर ते अख्खं शेत गाळलं जातं.