दहा रुपये उतरवले, तर किती प्लेट जास्त विकायच्या?

«दर दहा टक्क्यांनी उतरवा, गिऱ्हाईक दहा टक्के वाढलं की भरपाई झाली. भाडं-पगार तर तेवढेच राहतात, मग वरची प्रत्येक प्लेट निव्वळ नफा!» अशी एक समजूत आहे.

नाशिकच्या गंगापूर रोडवरचं एखादं मिसळीचं दुकान घेऊ. प्लेट 100 रुपये, रोज 200 प्लेट. मटकी, फरसाण, पाव, दही, पापड, तेल-मसाला, गॅस असा प्लेटमागचा खर्च 60 धरू. म्हणजे भाडं, पगार आणि मालकाचा नफा ज्यातून निघायचा ते सुटतात प्लेटमागे 40, दिवसाला 8,000.

आता दर 90 केला. पाववाला काही त्याचा भाव उतरवत नाही, खर्च 60 च राहतो. सुटतात 30. दर दहा टक्के घटला, पण हातात राहणारे पैसे पंचवीस टक्के घटले, आणि गफलत नेमकी इथेच होते. दहा टक्के गिऱ्हाईक वाढून 220 प्लेट गेल्या तरी हाती येतात 6,600. रोज 1,400 ची खोट, आणि दुकानात गर्दी मात्र दिसते!

«वरची प्लेट निव्वळ नफा» हेही तसंच. एक तर तिच्यातही 60 रुपयांचा माल जातोच. दुसरं, जे 200 जण 100 रुपये देऊन खातच होते, त्यांनाही आपण दहा-दहा रुपये सोडले. ते झाले 2,000. प्रत्येक नव्या प्लेटमागे 30 सुटत असतील, तर हे 2,000 भरून काढायला 67 प्लेट जास्त लागतात, म्हणजे तेहतीस टक्क्यांहून थोड्या अधिक. तेव्हा कुठे आपण होतो तिथे येतो.

भाडं-पगार तेवढेच, हे खरं, पण टेबलं पुरतात तोवर. 267 प्लेटना वाढपी कमी पडला आणि 600 रुपये रोजाने एक माणूस ठेवला, की लागणाऱ्या जास्तीच्या प्लेट 87 होतात. त्यात रस्सा कितीही वेळा वाढायची आपली नाशिकची रीत. प्लेटमागचा खर्च काढताना तो हमखास विसरला जातो.

मग ही समजूत आली कुठून? बहुधा लॉजवाल्यांकडून. 2,000 च्या खोलीत धुणं-झाडणं 300 असेल, तर 200 उतरवूनही 1,500 सुटतात. तिथे साडेतेरा टक्के जास्त खोल्या गेल्या की झालं. अर्थात कुंभमेळ्यात सगळ्या खोल्या भरलेल्या असताना दर उतरवायचा प्रश्नच नाही.

मिसळवाल्याला उतरवायचाच असेल, तर आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीन ते पाच उतरवावा. त्या वेळी 20 प्लेट जात असतील तर सवलत पडते 200 ची, आणि सात प्लेट वाढल्या की ती वसूल. मात्र सकाळच्या प्लेटही रोज मोजाव्यात. त्या तेवढ्याच घटल्या, तर नवं गिऱ्हाईक आलेलंच नाही. सकाळचंच दुपारी सरकलंय, तेही दहा रुपये कमी देऊन.