‘माध्यम हाच संदेश’ म्हणजे काय, याचा खुलासा

“माध्यम हाच संदेश म्हणजे मजकुराला काही किंमत नाही, असं मॅक्लुहान सांगून गेला ना?”

नाही. 1964 साली कॅनडातला माध्यम-अभ्यासक मार्शल मॅक्लुहानने हे मांडलं, तेव्हा ‘संदेश’ म्हणजे त्याच्या लेखी माध्यमामुळे माणसांच्या जगण्याच्या गतीत आणि घडीत होणारा बदल. मजकूर आपलं लक्ष इतकं वेधून घेतो की हा बदल दिसतच नाही, ही त्याची खरी तक्रार.

आपल्या खान्देशातलंच पाहा. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गात, इतर ते टिपून ठेवत. 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, ती गाणी छापून आली. छपाईने ओळी कायमच्या ठरल्या. वाचक मागे वळून शब्द तपासू लागला, एकट्याने, मुक्याने. पण लेवा बोलीचा हेल कागदावर उतरला नाही.

रेडिओने आवाज परत दिला, पण ठरल्या वेळी. कविता लागली की घरोघरी एकाच क्षणी ऐकली जाणार, आणि हुकली तर गेली. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ओट्यावर तिच्याबद्दल बोलणं व्हायचं.

स्ट्रीमिंगवर तीच कविता थांबवता येते, मागे नेता येते. मात्र प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि पुढे काय वाजेल हे बहुतेकदा अ‍ॅप सुचवतं. मॅक्लुहान 1980 सालीच वारला, म्हणून हा शेवटचा भाग त्याचा नव्हे, त्याच्या विचारावरून मी काढलेला आहे.