ई-रीडर आणि बँडला जुना ५ वॉटचा चार्जर पुरतो

"सावधान! ई-रीडर किंवा फिटनेस बँड जुन्या, कमी पॉवरच्या चार्जरला लावू नका. १) कमी करंटमुळे बॅटरी अर्धवटच भरते आणि लवकर मरते. २) बंद पडलेला ई-रीडर साध्या चार्जरवर उठतच नाही. ३) आतल्या सर्किटवर लोड येतो. ४) किमान ३३ वॉटचा फास्ट चार्जर घ्या, तो सगळ्याला चालतो. पुढे पाठवा."

हा मेसेज धुळे, अमळनेर, चाळीसगावच्या ग्रुपांमधून फिरतोय, आणि तो वाचून लोक घरातला चांगला चार्जर बाजूला ठेवून नवा विकत घेताहेत. रिपेअरिंगच्या टेबलावर अशी उपकरणं रोज उघडत असल्यामुळे मला हे बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिल्या मुद्द्याची गोम अशी की बॅटरी भरण्याचं काम चार्जर करतच नाही. भिंतीवरचा जो ठोकळा आपण चार्जर म्हणतो, तो फक्त ५ व्होल्टचा पुरवठा हजर ठेवतो. बॅटरीत किती करंट सोडायचा, कधी कमी करायचा, कधी थांबवायचं हे ठरवते उपकरणाच्या आतली एक छोटी चिप. आपल्याकडे ठिबक असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे लगेच कळेल. ताशी ४ लिटरचा प्रेशर कॉम्पेनसेटिंग ड्रिपर असेल तर विहिरीवर ३ एचपीची मोटर लावा की १०ची, केळीच्या बुडाशी तासाला ४ लिटरच पडणार. मोटर त्या ड्रिपरला पुरेल एवढी हवी, बस.

आता पुरेल एवढी म्हणजे किती? चार्जरवरचे बारीक अक्षर वाचा. जुन्या फोनच्या चार्जरवर साधारण "आउटपुट ५ व्होल्ट, १ अँपिअर" असं असतं, म्हणजे ५ वॉट. साध्या ई-रीडरची बॅटरी धरा १५०० एमएएच. अशी बॅटरी भरताना चिप या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास करंट घेते, म्हणजे पाऊण अँपिअर. चार्जर १ अँपिअर द्यायला तयार आहे, तेव्हा थोडं उरतंच. रिकामा ई-रीडर अडीच-तीन तासांत भरतो. काही मॉडेलं याहून जास्त करंट घेऊ शकतात, त्यांना साध्या चार्जरवर आणखी थोडा वेळ लागेल. कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला लावला, जिथे अर्धाच अँपिअर मिळतो, तर चार तासांच्या आसपास जातात. एकदा भरला की तो कित्येक दिवस, बरेचदा आठवडे चालतो, त्यामुळे हे तास कुणाच्या आड येत नाहीत.

बँडचं गणित तर आणखी लहान आहे. साध्या बँडमधली बॅटरी सव्वाशे ते दोनशे एमएएचची असते. आजच्या फोनची ५००० एमएएचची. म्हणजे एका फोनच्या बॅटरीत पंचवीस ते चाळीस बँड भरतील. कित्येक बँडच्या माहितीपत्रकातच इनपुट ५ व्होल्ट, २५० मिलिअँपिअर लिहिलेलं सापडतं, म्हणजे सव्वा वॉट, आणि प्रत्यक्षात तेवढाही तो बहुतेक वेळ घेत नाही. ज्या चार्जरला मेसेजमध्ये कमी पॉवरचा म्हटलंय, तो बँडच्या गरजेच्या चौपट आहे.

आणि अर्धवट भरण्याबद्दल. लिथियम बॅटरी "भरली" हे चिप व्होल्टेजवरून ठरवते. बॅटरी साधारण ४.२ व्होल्टला पोचली की चिप तिथेच धरून ठेवते आणि करंट आपोआप ओसरत जातो; तो अगदी थोडा उरला की चार्जिंग बंद. ही मर्यादा ५ वॉटच्या चार्जरवर आणि ६५ वॉटच्या चार्जरवर एकच आहे. सावकाश भरल्याने बॅटरी मरत नाही, उलट कमी करंटने ती कमी तापते. लाईट मध्येच गेली आणि चार्जिंग तुटलं तरी लिथियमला काही होत नाही, आल्यावर राहिलेलं भरतं. खेड्यावर लोडशेडिंग असणाऱ्यांनी याची काळजी सोडून द्यावी.

दुसऱ्या मुद्द्यावर मी जरा थांबतो, कारण हा सगळा समज बहुधा इथूनच जन्माला येतो. यात दिसलेली गोष्ट खरी असते, तिचा अर्थ चुकीचा लावला जातो.

अमळनेरचे एक निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना जिभाऊ म्हणतो. मुलाने दिलेला ई-रीडर त्यांनी दिवाळीनंतर कपाटात ठेवला आणि थेट एप्रिलमध्ये काढला. स्क्रीन गोठलेली, बटणाला दाद नाही. घरच्या ५ वॉटच्या चार्जरला लावला, पंधरा-वीस मिनिटं काही हललं नाही. शेजारच्या पोराने निकाल दिला, "चार्जर कमी पडी ऱ्हायना, बाबा." नवा ३३ वॉटचा आणला, लावला, थोड्या वेळाने स्क्रीनवर बॅटरीचं चित्र आलं. झालं, सगळ्या गल्लीला पटलं.

पुढे पावसाळ्यानंतर तोच प्रकार पुन्हा झाला तेव्हा ते ई-रीडर आणि दोन्ही चार्जर घेऊन माझ्याकडे आले. मी मुद्दाम जुना चार्जर लावला आणि मध्ये यूएसबी मीटर जोडला. हा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि व्होल्ट, अँपिअर दाखवतो. सुरुवातीला आकडा होता ०.०८ अँपिअर. हा चार्जरचा अशक्तपणा नव्हे. बॅटरी ३ व्होल्टच्या खाली गेली की चिप तिला एकदम पूर्ण करंट देत नाही, कारण इतक्या उतरलेल्या बॅटरीला जोरात भरणं धोक्याचं असतं. आधी साधारण दहावा हिस्सा करंट देऊन ती तिला हळूहळू वर आणते, आणि तेवढा वेळ स्क्रीन जागी होत नाही. जिभाऊ चहा घेत समोर बसले होते. अर्ध्या तासाच्या वर झालं आणि आकडा ०.०८ वरून उडी मारून ०.७६ वर गेला. काही मिनिटांत स्क्रीन उठली. मग मी वायर काढून ३३ वॉटच्या चार्जरला लावली. मीटरवर ५ व्होल्ट आणि ०.७६च.

एप्रिलमध्येही हेच घडलं असणार. पहिली वीस मिनिटं जुन्या चार्जरने ओढली आणि श्रेय नव्याला मिळालं. तुमचा ई-रीडर असा निपचित पडला असेल तर साध्या चार्जरला लावून किमान दोन तास हात लावू नका. त्यानंतरही मीटरवर शून्यच असेल तर वायर बदलून बघा, मग पोर्टमधला कचरा बघा. मीटर शंभर मिलिअँपिअरखाली कित्येक तास अडकून राहिला तर बॅटरी गेली आहे, आणि तिला कुठलाच चार्जर उठवणार नाही.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य नाही. चार्जर देऊ शकतो त्यापेक्षा जास्त करंट मागितला गेला तर ताण चार्जरवर येतो, उपकरणावर नाही. त्याचं व्होल्टेज खाली घसरतं आणि तो गरम होतो. ई-रीडर हे टाळतो. समोर कॉम्प्युटरचा पोर्ट आहे की भिंतीवरचा चार्जर हे तो डेटाच्या तारांवरून ओळखतो आणि तेवढीच मागणी करतो. बँडची मागणी तर इतकी थोडी की हा प्रश्नच येत नाही.

चौथा मुद्दा मात्र लोकांच्या खिशाला लागतो. फास्ट चार्जरचा वेग आपोआप येत नाही. उपकरण आणि चार्जर यांच्यात वायरवरून आधी बोलणं होतं, उपकरण ९ व्होल्ट किंवा जास्त मागतं, मग चार्जर व्होल्टेज वाढवतो. साधा ई-रीडर आणि बँड हे मागतच नाहीत. म्हणून ३३ वॉटच्या चार्जरवर ते जळत नाहीत, आणि वेगानेही भरत नाहीत. तो घरात असेल तर खुशाल वापरा, त्यांच्यासाठी विकत घेऊ नका.

"सगळ्याला चालतो" हेही खरं नाही. नव्या फास्ट चार्जरला बहुधा टाईप-सी पोर्ट असतो. असा पोर्ट समोर उपकरण असल्याची खूण मिळेपर्यंत वीज सोडतच नाही. ही खूण म्हणजे उपकरणाच्या टाईप-सी पोर्टमध्ये लावायचे ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर. स्वस्त बँडच्या डॉकमध्ये आणि काही स्वस्त उपकरणांत ते वाचवलेले असतात. मग दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या वायरने नव्या महाग चार्जरवर काहीच होत नाही, आणि एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेल्या वायरने जुन्या चार्जरवर लगेच भरायला लागतं. माझ्याकडे "बिघडलेले" म्हणून आलेले काही बँड मी केवळ वायर बदलून परत दिले आहेत.

पॉवर बँकेवर बँड भरत नाही, दोन मिनिटांत बंद होतं, हीही नेहमीची तक्रार. बँड इतका कमी करंट घेतो की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती झोपी जाते. बऱ्याच पॉवर बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड सुरू होतो. तो नसेल तर जुना ५ वॉटचा चार्जर सोयीचा, तो स्वतःहून बंद पडत नाही. आणि कुठेच भरत नसेल तर बँडच्या मागच्या पितळी टोकांवर घामाचा थर बघा. शेतात किंवा सकाळच्या चालण्यात घातलेल्या बँडवर तो बसतोच. मऊ कोरड्या कापडाने पुसला की बहुतेकदा काम होतं.

आपल्या भागात जपायचं असेल तर ते उन्हापासून जपा. लिथियम बॅटरी भरायची वरची हद्द साधारण ४५ अंश धरतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीतलाच पारा तिथे पोचतो, पत्र्याच्या खोलीत त्याच्याही पुढे जातो. भर दुपारी खिडकीत लावलेल्या ई-रीडरचं चार्जिंग थांबलं तर चिपने बॅटरी वाचवलेली असते. स्वस्त बँडमध्ये ही राखण असेलच असं नाही, तिथे बॅटरी फुगते आणि स्क्रीन कडेने उचलली जाते. त्या दिवसांत चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा.

जुना चार्जर वापरताना दोनच गोष्टी तपासा. आउटपुट ५ व्होल्टच असावं. राउटर किंवा सेटटॉप बॉक्सचा ९ किंवा १२ व्होल्टचा अडॅप्टर जुगाड करून जोडू नका. आणि अंगावर बीआयएसची खूण व आर-क्रमांक असावा. हे दोन्ही असेल आणि अर्धा तास चालल्यावर तो हाताला कोमटच लागत असेल, तर तो तुमच्या ई-रीडरला आणि बँडला पुरेसा आहे.