वांग, गोळी आणि खळ्यावरचं ऊन

«गरोदरपणात किंवा माला-एनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी चेहऱ्यावर जे वांग येतात ती पोटातली उष्णता असते, उन्हाचा त्याच्याशी संबंध नाही. सावलीत बसणाऱ्या बायकांनाही येतातच की. बाळंतपण झालं किंवा गोळी थांबवली की ते आपोआप जातात. लवकर घालवायचे असतील तर लिंबाचा रस आणि बेसन लावा, पंधरा दिवसांत चेहरा साफ. सगळ्या मैत्रिणींना पाठवा.»

हा मेसेज मला गेल्या वर्षभरात चार वेळा आला. दोन वेळा तर पेशंटनेच मोबाईल पुढे धरून वाचायला दिला. त्यातली एक कोकणातल्या हर्णै भागातली, जवळा सुकवण्याच्या खळ्यावर कामाला जाणारी. तिचं नाव नको, पण तिच्याच चेहऱ्यावरून सांगते, म्हणजे मेसेजमधलं काय कुठे बिघडतं ते दिसेल.

आधी उष्णतेचं बघू. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. दिसायला त्या माकुळासारख्या, म्हणजे मधे गोळा आणि चहूबाजूंनी लांब हात. एकेक पेशी आपल्या हातांनी आसपासच्या तीसेक पेशींना रंगाचे बारीक कण पोचवते. त्या रंगाचं नाव मेलॅनिन. (माकुळाची काळी शाई हीसुद्धा मेलॅनिनच, त्यामुळे ही उपमा मला फार आवडते.) रंग तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एक एन्झाइम लागतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि रंगपेशींना थेट चेतवणारं आणखी एक संप्रेरक अशी तिन्ही रक्तात भरपूर वाढतात. रंगपेशींवर इस्ट्रोजेन पकडणारी कुलपं असतात. ती किल्ली लागली की टायरोसिनेज जास्त बनतं, आणि उन्हाचा इशारा ऐकणारे कानही जास्त तीक्ष्ण होतात. ह्यात पोटाची उष्णता कुठेच येत नाही. कोकम सरबत प्यावं, उन्हाळ्यात छानच लागतं, पण त्याने ही कुलपं उघडत नाहीत आणि बंदही होत नाहीत.

संप्रेरक एकटं काय करतं हे बघायचं असेल तर गरोदर बाईच्या पोटावर बेंबीपासून खाली उतरणारी काळी रेघ बघा. तिथे ऊन पडत नाही, तरी ती येते. मग वांग मात्र पाठीवर, पोटावर न येता कपाळ, गाल आणि वरच्या ओठावरच का येतात? कारण तिथे उजेड पडतो. आणि नाकाच्या बाजूने ओठाकडे जाणारी जी घडी असते, ती बहुतेक वेळा कोरी राहते. संप्रेरक पेशीला तयार करून ठेवतं, रंग ओतायला लावतो तो उजेड. म्हणून तर होडीवर काम करणाऱ्या पुरुषांनाही वांग येतात. त्यांना ना गर्भ, ना गोळी. बरेचदा घरात आईला किंवा बहिणीला वांग असतात आणि डोक्यावर वर्षभर ऊन असतं.

आता सावली. ही बाई मला म्हणाली, "मॅडम, मी उन्हात बसतच नाही. वर ताडपत्री आहे ना." तिचं म्हणणं खरंच होतं. सकाळी आठला जाते, बाराला परतते, मधला वेळ ताडपत्रीखाली बसून जवळ्यातला कचरा निवडते. पण तिचं तोंड कुठे असतं? समोर पसरलेलं खळं, त्यापलीकडे वाळू, त्यापलीकडे पाणी. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी १५ टक्क्यांच्या आसपास परत फेकते, फेसाळ लाट त्याहून जास्त. शिवाय उघड्या आभाळातून विखरून येणारे किरण ताडपत्रीच्या बाजूंनी आत शिरतातच. आपल्याकडे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी पायाखालची सावलीसुद्धा नाहीशी होते, इतका सूर्य डोक्यावर येतो. सावलीत बसल्याने चटका लागत नाही म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं, एवढंच.

ह्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे वांगाला नुसते अतिनील किरणच लागतात असं नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडातला जांभळा-निळा भागही आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत रंग वाढवतो, आणि तो रंग टिकतो. गोऱ्या कातडीत तसं होताना दिसत नाही. म्हणून पारदर्शक सनस्क्रीन लावूनही "काही उपयोग झाला नाही" अशी तक्रार येते. ते अतिनील अडवतं, उजेड आरपार जाऊ देतं. त्यासाठी मातकट रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन लागतं. लावायचंही दोन बोटांवर टोकापर्यंत दोन रेघा काढून, तेवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. आपल्या दमट हवेत ते घामाने दोन-तीन तासांत उतरतं, तेव्हा परत लावायला हवं. हे महाग पडतं हे मला माहीत आहे. ज्यांना परवडत नाही त्यांना मी गडद रंगाच्या जाड सुती ओढणीने नाकापासून खाली बांधायला आणि वर रुंद काठाची टोपी घालायला सांगते. झिरझिरीत पांढरा पदर कामाचा नाही.

बाळंतपणानंतर ते आपोआप जातात, ह्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते पसरतं. बऱ्याच जणींचे वांग वर्षभरात फिके होतात. पण सगळ्यांचे नाही. कातडीचा वरचा थर महिना-दीड महिन्याने झडून नवा येतो, त्याच्याबरोबर तिथला रंगही जातो. मात्र बराच काळ ऊन लागलेल्या जागी वरच्या आणि खालच्या थरामधला पडदा विरतो, रंगाचे कण त्या फटींतून खाली पडतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून बसतात, आणि खालचा थर काही झडत नाही. असा रंग वर्षानुवर्षं राहतो, राखाडी-निळसर दिसतो, त्याच्या कडा पुसट असतात. शिवाय एकदा चेतलेल्या रंगपेशी ते विसरत नाहीत. पुढच्या गरोदरपणात किंवा पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी पुन्हा उठतात.

हिचं नेमकं तसंच झालं. दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात गालांवर चट्टे आले. मूल नऊ महिन्यांचं होईपर्यंत ते निम्मे उतरले होते. मग आरोग्य केंद्रातून माला-एनच्या गोळ्या सुरू केल्या आणि चार महिन्यांत ते पहिल्यापेक्षा गडद झाले. ह्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ गोळ्यांत प्रत्येकी ०.०३ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं, उरलेल्या सात लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांचा वांगाशी संबंध नाही. काहीजणी त्याच सोडतात आणि बाकीच्या चालू ठेवतात, म्हणजे अगदी उलटं.

गोळीने वांग आले असतील तर गोळी बदलणं योग्यच. पण मेसेज वाचून पाकीट मधेच फेकून देऊ नका. मी एकीला पाहिलंय, गोळी थांबवली, दुसरं काही घेतलं नाही आणि तीन महिन्यांत दिवस गेले. चेहऱ्याच्या दृष्टीने बघितलं तरी हा सौदा तोट्याचाच, कारण गरोदरपणातली संप्रेरकं गोळीतल्यापेक्षा कितीतरी जास्त. आधी दुसरी सोय करा, मग गोळी सोडा. तांबीमध्ये संप्रेरक अजिबात नसतं. हर्णैच्या ह्या बाईने तीच बसवून घेतली. ‘अंतरा’ नावाच्या गर्भनिरोधक इंजेक्शनात इस्ट्रोजेन नाही, पण प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक आहे, म्हणून वांग असलेल्या बाईला माझी पहिली पसंती तांबीच.

राहिलं लिंबू, आणि इथे मला खरोखर राग येतो. लिंबाच्या सालीत, आणि थोडी रसातही, अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन पडलं तर भाजल्यासारखं होतं. लगेच नाही, एक दिवसाने सुरू होतं, दोन-तीन दिवसांत लाली, कधी फोड, आणि त्यानंतर महिनोन्महिने टिकणारा काळा डाग. रात्री लावून सकाळी धुतलं तरी आम्लाने कातडी चुरचुरते, आणि आपल्या रंगाच्या कातडीत अशा चुरचुरीचा शेवट बरेचदा काळ्या डागात होतो. मसाल्याच्या वाटणाने हात जळावा तशी ही चेहऱ्याची अवस्था.

फेब्रुवारीत हिने अकरा दिवस लिंबू-बेसन लावलं. बाराव्या दिवशी डाव्या गालावर आग व्हायला लागली. मग एका मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, "गोरेपणाची" ट्यूब आणली. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड तिन्ही होती. हे औषध वाईट नाही. डॉक्टरच्या नजरेखाली साधारण आठ आठवडे वापरलं तर वांगावर ते उत्तम चालतं. पण ते पावडरसारखं रोज लावत राहिलं की स्टिरॉइडने कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, आणि थांबवलं की चेहरा पेटतो. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने तर ते लावूच नये. ही अजून पाजत होती. सुदैवाने तीनच आठवडे झाले होते.

मार्चमध्ये ती समोर बसली तेव्हा एका गालावर दोन वेगवेगळे डाग होते. दोन्ही गालांवर सारखा, नकाशासारख्या कडांचा, न खाजणारा न दुखणारा तपकिरी चट्टा, हे वांग. आणि फक्त डाव्या गालावर, डोळ्याखालून जबड्याकडे तिरकी उतरलेली गडद रेघ, जिथे आधी आग झाली होती. लिंबाचा ओघळ जसा वाहिला तसाच तो उमटला होता. वांग कधी आग करत नाहीत आणि ओघळत नाहीत, एवढी खूण लक्षात ठेवली तरी घरच्या घरी फरक कळतो.

ट्यूब बंद केली. दोन आठवडे फक्त साधं मॉइश्चरायझर, चेहरा शांत होईपर्यंत. मग रात्री २० टक्के ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम, जे पाजतानाही चालतं, पातळ थर, सुरुवातीला एक दिवसाआड. दिवसा मातकट सनस्क्रीन. आणि खळ्यावर तिने जागा बदलली. पाण्याकडे पाठ करून बसायला लागली. मला सुचलं नव्हतं, तिनेच केलं.

१ जूनला मासेमारीची बंदी लागली, खळी रिकामी झाली आणि ती पुन्हा आली. मार्चमध्ये खिडकीजवळ काढलेला फोटो समोर ठेवून त्याच खिडकीत नवा काढला. उजव्या गालावरच्या चट्ट्याच्या कडा विरल्या होत्या आणि मधला भाग बराच फिका झाला होता. गेला मात्र नव्हता. पुढच्या ऑक्टोबरात खळी भरतील तेव्हा तो परत गडद व्हायला बघेल, हे मी तिला सांगितलं. डाव्या गालावरची लिंबाची रेघ अजून तशीच होती. ती आरशात बघून म्हणाली, "वांगापेक्षा ह्याच रेघेबद्दल लोक जास्त विचारतात."