तेलाचा डबा घेताना लिटर-किलोत गंडू नका

दिवाळी तोंडावर आली की कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत तेलाच्या डब्यांवर उड्या पडतात, आणि 'डबा घेतला की स्वस्त पडतंय' हे आपल्याकडं एवढं पक्कं बसलंय की कुणी हिशोबच करत नाही. मला तर वाटतंय डबा मोठा दिसतो एवढ्यावरच आपण खूश होतोय.

आता बघा, डबे दोन प्रकारचे मिळतात, 15 किलोचा आणि 15 लिटरचा. शेजारी शेजारी ठेवले तर चटकन फरक कळत पण नाही. पण तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल असतंय 13 किलो 650 ग्रॅम. म्हणजे 1 किलो 350 ग्रॅम कमी!

हिशोबासाठी दर धरूया. 15 किलोचा डबा 2400 ला, म्हणजे किलोला 160. 15 लिटरचा 2250 ला, दीडशे रुपये कमी म्हणून माणूस तोच उचलतो, पण 2250 भागिले 13.65 केलं की किलोला जवळपास 165 पडतात. आणि एक लिटरचा पाऊच 146 ला असला तर किलोला 160 च्या आसपास, म्हणजे साधा पाऊच त्या लिटरच्या डब्यापेक्षा स्वस्त! दुकानात मोबाईल काढायचा कंटाळा असेल तर लिटरच्या दरात त्याचाच दहावा भाग मिळवा, 146 मध्ये साडेचौदा, झाला किलोचा दर. पैशात थोडं मागंपुढं होतंय, पण निवड करायला बास.

आता म्हणाल पाकिटावर युनिट सेल प्राइस छापलेली असते की. असते, पण एका पाकिटावर लिटरची आणि दुसऱ्यावर ग्रॅमची, कारण किलोपेक्षा कमी वजन असलं की दर ग्रॅममागं छापतात. 850 ग्रॅमचा पाऊच 139 ला असेल तर ग्रॅमला 0.1635 येतात, पण दोनच दशांश छापायचे म्हणून तिथं 0.16 दिसतं. ते बघून आपण 160 रुपये किलो समजतो आणि खरे लागतात साडेत्रेसष्ट (एकशे हो, उगाच खूश होऊ नका). शिवाय तो आकडा एमआरपीवर काढलेला असतो, दुकानदार ज्या दराला देतो त्यावर नाही, त्यामुळं सूट मिळाली की परत आपला आपणच हिशोब करायचा.

हे 850 ग्रॅमवाले पाऊच तर लई बेकार, दिसायला सेम लिटरवाल्यासारखेच. दर नंतर बघा, आधी मागं बारीक अक्षरातलं नेट वजन शोधा, लिटरच्या पाऊचवर पण ग्रॅम लिहिलेले असतात.

आणि डबा किलोचाच घेतला तरी घरात दोन-तीनच माणसं असतील तर तो फोडल्यावर महिनोन्महिने पुरतो, शेवटी शेवटी खवट वास मारायला लागतो. चकल्या-शेव घालणाऱ्या मोठ्या घराला किलोचा डबा ठीक, आमच्यासारख्यांनी पाऊचच आणावेत, तसंही वरच्या हिशोबात किलोमागं फरक जेमतेम पन्नास पैशांचाच आहे.